जांभळी नाक्यावर डिजिटल रुपयाने भाजी घेतली, पण भाजीवाल्या मावशींना नेमकं काय मिळालं?

नौपाडाकर

मंडळी, माझ्या बँकेचं ई-रुपयाचं ॲप घेतलं आहे. खात्यातून वॉलेटमध्ये २००० रुपये भरले. भरताना ॲप विचारतं की कोणत्या नोटा हव्यात. मी ५०० च्या तीन, २०० ची एक, १०० च्या दोन, ५० ची एक, २० च्या दोन आणि १० ची एक अशा घेतल्या.

मग जांभळी नाक्याच्या मंडईत नेहमीच्या मावशींकडे भाजी घेतली. १८७ रुपये झाले. त्यांच्याकडे साधा यूपीआयचा क्यूआर लावलेला आहे, तोच ई-रुपयाच्या ॲपने स्कॅन केला आणि पिन टाकला. स्पीकर बोलला, "एकसौ सत्तासी रुपये प्राप्त हुए." मावशींना काही वेगळं वाटलं नाही, त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

माझ्या वॉलेटमधून २०० ची नोट गेली आणि १०, २ व १ असे सुटे आले. शिल्लक १८१३. हिशेब चोख आहे. पण यातून दोन प्रश्न पडले. हे १३ रुपये परत कोणी दिले? मावशींनी तर दिले नाहीत. आणि मावशींकडे ते ॲपच नाही, मग माझी २०० ची डिजिटल नोट गेली कुठे? रोजच्या खरेदीला हे वापरायचं तर पैसे कसे फिरतात ते नीट समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

सुहास_वर्तकनगर

हे मी आधीच वापरलं आहे. करोनाच्या वेळी खासगी रुग्णालयात लशीसाठी एसएमएसवर कूपन आलं होतं, तिथे दाखवलं की झालं. वॉलेट वगैरे काही लागलं नव्हतं. तुम्हाला ॲप कशाला घ्यायला लावलं?

निवृत्त_बँकर

सुहासराव, तुम्ही म्हणता ते ई-रुपी. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेलं व्हाउचर. ते ठरावीक कामासाठीच चालायचं आणि त्यामागचे पैसे बँकेतल्या खात्यातलेच असायचे. नावं इतकी जवळची ठेवली आहेत की गोंधळ होणारच. नौपाडाकर ज्याबद्दल विचारतात ते रिझर्व्ह बँकेचं डिजिटल चलन. किरकोळ वापरासाठी त्याचा प्रायोगिक प्रकल्प १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. कायद्याच्या दृष्टीने ती नोटच आहे. २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातल्या नोटेच्या व्याख्येत डिजिटल रूप घातलं.

आता मूळ प्रश्न. मी बँकेत पेमेंटच्या विभागात होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही २००० भरले तेव्हा तुमच्या बचत खात्यातून २००० वजा झाले. खात्यातली रक्कम म्हणजे बँकेने तुमचं देणं. वॉलेटमध्ये आलं ते रिझर्व्ह बँकेचं देणं. एटीएममधून नोटा काढल्यावर जे होतं तेच इथे झालं.

मावशींचा क्यूआर मात्र यूपीआयचा होता, म्हणजे तो त्यांच्या बँक खात्याकडे बोट दाखवतो. डिजिटल नोट ठेवायला त्यांच्याकडे जागाच नाही. त्यामुळे तुम्ही पिन टाकल्यावर तुमच्याच बँकेने तुमची २०० ची डिजिटल नोट परत घेतली, १३ रुपयांच्या छोट्या नोटा-नाणी तुमच्या वॉलेटमध्ये टाकली आणि १८७ रुपये यूपीआयने मावशींच्या खात्यात पाठवले. सुटे तुमच्या बँकेने दिले. मावशींना डिजिटल रुपया मिळालाच नाही, नेहमीसारखे खात्यात पैसे मिळाले. तुमची नोट मंडईपर्यंत पोचलीच नाही, वाटेत तुमच्या बँकेतच वठली.

मावशींच्या फोनवर ई-रुपयाचं वॉलेट असतं आणि तुम्ही त्या वॉलेटचा क्यूआर स्कॅन केला असता, तर गोष्ट वेगळी. मग १८७ रुपयांच्या डिजिटल नोटा थेट त्यांच्या वॉलेटमध्ये गेल्या असत्या. कोणाच्याही बचत खात्याला हात लागला नसता. त्यांनी त्या पुढे भाजी आणायला घाऊक व्यापाऱ्याला दिल्या असत्या किंवा खात्यात जमा केल्या असत्या.

म्हणून स्कॅन करण्याआधी क्यूआर कोणता आहे ते पाहा. बाकी सगळं त्यावर ठरतं.

नौपाडाकर

काका, हे अगदी स्पष्ट झालं. म्हणजे आज मी जी खरेदी करतो आहे ती माझ्या बाजूने डिजिटल रुपया आणि दुकानदाराच्या बाजूने यूपीआय. मग मला त्याचा फायदा काय? माझ्या खात्याच्या विवरणात रोजचे वीस-तीस रुपयांचे व्यवहार दिसत नाहीत, फक्त २००० वॉलेटमध्ये गेल्याची एक ओळ दिसते, एवढंच मला जाणवलं. पासबुक वाचायला सोपं झालं हे खरं.

कोपरीचा_दुकानदार

मुद्द्याचं बोललात. आणि विवरणात दिसत नाही म्हणजे कोणालाच दिसत नाही. हे रोखीसारखंच आहे. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, बंगळुरात लोकांनी क्यूआर काढून टाकले. ई-रुपया घेतला तर तो प्रश्नच उरणार नाही. माझं कोपरीत किराणा दुकान आहे, म्हणून लक्ष ठेवून आहे.

निवृत्त_बँकर

दादा, अर्धं बरोबर आहे. खात्याच्या विवरणात प्रत्येक व्यवहार येत नाही हे खरं. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये संकल्पना-टिपण काढलं, त्यातही छोट्या रकमांच्या बाबतीत रोखीसारखी अनामिकता असावी असा विचार मांडला आहे. पण वॉलेट तुमच्या मोबाइल क्रमांकावर आणि केवायसी झालेल्या खात्यावर उभं आहे. ॲपमध्ये व्यवहारांची यादी आहे, म्हणजे ती कुठेतरी साठवलेली आहे. कागदी नोटेला स्वतःचा प्रवास आठवत नाही, तसं इथे म्हणता येत नाही.

आणि नौपाडाकरांनी तुमच्या आत्ताच्या क्यूआरवर पैसे दिले तर तुमच्या खात्यात साधी यूपीआयची जमाच दिसणार. तिथे तर काहीच लपलं नाही. उलाढाल ही उलाढालच असते, पैसे रोख आले, यूपीआयने आले की डिजिटल रुपयात, तिची मोजणी बदलत नाही. करासाठी म्हणून हे घेऊ नका.

कोपरीचा_दुकानदार

करासाठी नाही, काका. मी कर भरतो. माझी काळजी दुसरी आहे, ती सांगतो. आमच्या ओळीतल्या एका दुकानदाराचं खातं गोठलं. कुठल्यातरी गिऱ्हाइकाने दोनशे-अडीचशेचं सामान घेतलं, ते पैसे म्हणे दुसऱ्या राज्यातल्या ऑनलाइन फसवणुकीतले होते. तक्रारीचा माग काढत यंत्रणा त्याच्या खात्यापर्यंत आली. त्याचा दोष शून्य, पण महिनाभर माल उचलता आला नाही, बँक आणि पोलीस चौकी असे हेलपाटे. डिजिटल रुपया वॉलेटमध्ये घेतला तर खातं वाचेल का? मला एवढंच हवं आहे.

निवृत्त_बँकर

हा प्रश्न खरा आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर देता येणार नाही. यूपीआयच्या क्यूआरवर घेतलंत तर काहीच फरक नाही, पैसे खात्यातच येतात. ई-रुपयाच्या क्यूआरवर घेतलंत तर पैसे आधी वॉलेटमध्ये राहतात आणि तुम्ही खात्यात वळवाल तेव्हा तुमच्याच वॉलेटमधून आलेली जमा दिसते. म्हणजे अनोळखी माणसाच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात अशी ओळ तयार होत नाही. पण वॉलेट चालवणारी बँकच आहे. तपास यंत्रणेचा आदेश आला तर वॉलेटही थांबवता येईल. फरक पडलाच तर एवढा, की थांबेल ते वॉलेट, ज्यात दिवसाचा गल्ला आहे. ज्यातून माल उचलता ते चालू खातं कदाचित बाजूला राहील. "कदाचित" हा शब्द मी जाणूनबुजून लिहितो आहे. प्रत्यक्ष असा प्रसंग मी हाताळलेला नाही.

अमृता_घोडबंदर

मी फिनटेकमध्ये काम करते. नौपाडाकर, तुम्ही वर फायदा विचारला होता, त्यावर लिहिते. साध्या यूपीआयमध्ये प्रत्येक वेळी तुमच्या बँकेच्या मुख्य प्रणालीला खात्यातून वजावट करावी लागते. महिन्याच्या सुरुवातीला संध्याकाळी स्टेशनवर उभं राहून चाक फिरताना बघतो ना, त्याचं एक मोठं कारण ही वजावट अडकणं हे असतं. वॉलेटमधला डिजिटल रुपया आधीच खात्याबाहेर आलेला असतो. त्यामुळे पैसे देताना बचत खात्याची प्रणाली बंद असली तरी तुमच्या बाजूने काम होऊ शकतं.

पण हेच काम यूपीआय लाइट करतं. त्यात ५००० पर्यंत ठेवता येतात, एका वेळी १००० पर्यंत देता येतात, पिनही लागत नाही. भाजी, दूध, रिक्षा यासाठी मी तेच वापरते. त्यामुळे केवळ वेगासाठी ई-रुपया घ्यायची गरज मला तरी वाटत नाही.

आणि यूपीआयची मधली व्यवस्थाच बसली, जशी १२ एप्रिल २०२५ ला बसली होती, तर यूपीआयच्या क्यूआरवर ई-रुपयाही अडकणार. कारण शेवटचा टप्पा यूपीआयचाच आहे. वॉलेट ते वॉलेट व्यवहाराला ती अडचण येऊ नये, पण त्यासाठी समोरच्याकडे वॉलेट हवं.

नौपाडाकर

अमृता, मग यूपीआय लाइट आणि हे एकच म्हणायचं का?

अमृता_घोडबंदर

वापरताना जवळपास एकच वाटेल. पैसे कोणाचं देणं आहेत ते वेगळं. लाइटमधली रक्कम शेवटी बँकेकडेच असते आणि दुकानदाराला खात्यातच मिळते. वॉलेटमधला ई-रुपया रिझर्व्ह बँकेचा. भाजी घेताना हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. बँक अडचणीत आली की येईल.

स्मिताताई_खारेगाव

अमृता, तुझं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. आमची सहकारी बँक निर्बंधाखाली आली तेव्हा मी त्यातून गेले आहे. खात्यात पैसे होते, पण काढता येत नव्हते. मुलीच्या क्लासची फी, घरचं सामान, सगळं शेजाऱ्यांकडून उसनं. यूपीआयही त्याच खात्याला जोडलेलं, त्यामुळे फोनवरूनही काही देता येईना. विम्याचे पैसे मिळाले, पण तोवर कसे दिवस काढले ते आम्हालाच ठाऊक. त्या वेळी माझ्याकडे पाच-सात हजार असे वॉलेटमध्ये असते तर ते वापरता आले असते का?

निवृत्त_बँकर

ताई, फार सोसलंत. ठेवविमा ५ लाखांपर्यंत आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यावर ९० दिवसांत तो मिळायला हवा. पण ९० दिवस घर चालवायचं असतं, हे कायद्यात लिहिलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं तत्त्वतः उत्तर "हो" असं आहे. वॉलेटमधले पैसे त्या बँकेची ठेव नाहीत, त्यामुळे ठेवीवरच्या निर्बंधात ते येऊ नयेत. त्यांना विम्याचीही गरज नाही. पण व्यवहारात एक अडचण राहते. वॉलेट ज्या बँकेचं, तिचंच ॲप, तिचीच यंत्रणा. ती यंत्रणाच बंद पडली तर नोट रिझर्व्ह बँकेची असूनही हात लावता येणार नाही. म्हणून वॉलेट दुसऱ्या, मोठ्या बँकेचं असलेलं बरं. दुसरी गोष्ट, वॉलेटमधल्या पैशाला व्याज नाही. पण २००० रुपयांवर बचत खात्याचं अडीच टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५० रुपये, म्हणजे महिन्याला चार रुपयांच्या आसपास. घरखर्चाची रक्कम बाजूला ठेवायला ते नुकसान मोठं नाही. सगळी बचत मात्र तिथे हलवू नका, प्रत्येक बँकेने वॉलेटला मर्यादाही घातली आहे, ती ॲपमध्ये दिसते.

राबोडी_राजू

माझा प्रश्न सरळ आहे. लोकलमध्ये चढताना फोन मारला तर? ठाणे स्टेशनवर गर्दीच्या वेळी हे रोजचं आहे. नोटा फोनमध्ये, फोन चोराकडे, म्हणजे नोटा गेल्या?

अमृता_घोडबंदर

आजच्या ऑनलाइन वॉलेटमध्ये जात नाहीत. नवा फोन घ्या, तोच मोबाइल क्रमांक नव्या सिमवर चालू करून घ्या, ॲप टाका, त्याच खात्याने पडताळणी करा, वॉलेट परत येतं. पण क्रम लक्षात ठेवा. आधी जुनं सिम बंद करायचं आणि बँकेला कळवायचं, नवा फोन नंतर. ॲप सिमला बांधलेलं आहे, त्यामुळे क्रमांक परत मिळेपर्यंत तुम्हालाही शिल्लक दिसणार नाही. तेवढे दोन-तीन दिवस खिशात थोडी रोकड लागेल.

राबोडी_राजू

आईच्या खात्याचं वॉलेट मी माझ्या फोनवर चालवू शकतो का? तिला स्मार्टफोन जमत नाही. बाजारहाट मीच करतो.

अमृता_घोडबंदर

आईचा नोंदणीकृत क्रमांक ज्या सिमवर आहे ते सिम त्याच फोनमध्ये हवं. दोन सिमचा फोन असेल तर तांत्रिकदृष्ट्या होईल. पण पिन तिचा आहे. त्यापेक्षा तुझ्या वॉलेटमधून खर्च कर आणि महिन्याला तिच्या खात्यातून हिशेब करून घे.

नौपाडाकर

नेटवर्कचं काय? मंडईत आत गेलं की माझ्या फोनला रेंज नसते. ऑफलाइन चालतो असं ऐकलं होतं.

निवृत्त_बँकर

८ फेब्रुवारी २०२४ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने ऑफलाइन सोय आणण्याचं जाहीर केलं होतं, फोनला फोन टेकवून देण्याच्या पद्धतीसकट. तुमच्या ॲपमध्ये ती आहे का ते बँकेला विचारा, सगळ्यांकडे एकाच वेळी येत नाही.

यातली खरी अडचण सांगतो. नेटवर्क असेल तर प्रत्येक नोट आधी खर्च झाली आहे का हे मध्यवर्ती नोंदीत बघता येतं. दोन्ही फोन नेटवर्कबाहेर असतील तर मावशींच्या फोनला विचारायला कोणी नसतं. मग एकच नोट तीन ठिकाणी देणाऱ्याला अडवायचं कसं? त्यासाठी नोटा फोनमधल्या सुरक्षित चिपमध्ये ठेवाव्या लागतात, रक्कम लहान ठेवावी लागते आणि अधूनमधून फोन नेटवर्कवर आणून हिशेब जुळवावा लागतो. आणि राजू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे उलटं होतं. चिपमध्येच असलेली ऑफलाइन रक्कम फोनबरोबर जाऊ शकते, कारण ती किती खर्च झाली हे बाहेर कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून ऑफलाइन भागात एका दिवसाच्या बाजारापुरतेच ठेवावेत असं माझं मत आहे.

कोपरीचा_दुकानदार

सगळं वाचलं. माझी अडचण वेगळ्या जागी आहे. मी दुपारी जेवायला घरी जातो, गल्ल्यावर मुलगा असतो. स्पीकर बोलला की तो सामान देतो. ई-रुपयाचं वॉलेट माझ्या फोनवर, फोन माझ्या खिशात. त्या क्यूआरवर पैसे आले तर मुलाला कसं कळणार? गिऱ्हाईक स्क्रीन दाखवेल, पण बनावट स्क्रीन दाखवून सामान नेणारे मी पाहिले आहेत. दोन क्यूआर शेजारी लावले तर घाईत लोक कुठलाही स्कॅन करणार.

स्मिताताई_खारेगाव

आणि माल परत केला तर? मी परवा तूरडाळीचं पाकीट परत केलं, दुकानदाराने रोख दिले. ई-रुपयाने घेतलं असतं तर पैसे वॉलेटमध्ये येणार की खात्यात?

निवृत्त_बँकर

ताई, वॉलेट ते वॉलेट दिले असतील तर ते रोख दिल्यासारखं, तिथेच पूर्ण. बँक मागे फिरवून देत नाही. दुकानदाराने त्याच्या वॉलेटमधून तुमच्या वॉलेटमध्ये वेगळे पाठवायचे. चुकीच्या माणसाला गेले तरी तेच, त्याने परत केले तरच येतात. म्हणून पिन टाकण्यापूर्वी समोर आलेलं नाव वाचायचं. यूपीआयच्या क्यूआरवर ई-रुपयाने दिले आणि मध्येच अडकले तर पैसे वॉलेटमध्ये परत येताना मी पाहिले आहेत. पण यशस्वी झालेल्या खरेदीचा परतावा दुकानदार त्याच्या यूपीआयच्या यंत्रावरून देतो तेव्हा तो नेमका कुठे उतरतो, हे कोणी करून पाहिलं असेल तर लिहावं.

दादा, स्पीकरचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. बँकेकडे जाल तेव्हा हे विचारा: ई-रुपयाचा व्यापारी क्यूआर मिळेल का, त्याच्या जमेची घोषणा आत्ताच्याच स्पीकरवर होईल का, गल्ल्यावरच्या मुलाला फक्त बघण्यापुरता प्रवेश देता येईल का, आणि रात्री गल्ला आपोआप खात्यात वळवता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर आहे तो यूपीआयचा क्यूआरच ठेवा. गिऱ्हाइकाला ई-रुपया वापरायचा असेल तर तो त्यावरही देऊ शकतो, तुमचं काम अडत नाही.

कोपरीचा_दुकानदार

सोमवारी शाखेत जातो. बँकेचा माणूस दुकानात येऊन क्यूआर लावून जातो, पण यातलं एकही वाक्य सांगत नाही.

नौपाडाकर

दादा, शाखेतून काय उत्तर मिळालं ते इथेच लिहा. क्यूआर मिळाला तर मी कोपरीत येऊन त्यावर खरेदी करतो आणि एक वस्तू परतही करतो, म्हणजे स्मिताताईंच्या प्रश्नातला वॉलेट ते वॉलेटचा भाग तपासता येईल. यूपीआयच्या क्यूआरवरचा परतावा मंडईजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानात करून बघतो, त्याच्याकडे कार्डचं यंत्रही आहे.